चालणाऱ्या जाहिरातीचं बजेट वाढवताना: शेवटची ऑर्डर कितीला पडली ते बघा

दोन हजार रुपये रोजावर छान चाललेली जाहिरात एका रात्रीत सहा हजारांवर नेली जाते. तिसऱ्या दिवशी खर्च तिप्पट आणि ऑर्डर दीडपट, असं दिसलं की घाबरून बजेट पुन्हा दोन हजारांवर आणलं जातं. मग ती जाहिरात दोन हजारांवरसुद्धा पूर्वीसारखी चालत नाही. नागपुरातल्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून हा प्रकार मी इतक्या वेळा ऐकला आहे की पुढचा प्रश्न मला आता पाठ झाला आहे: "काऊन भाऊ, काल तं चांगली चालत होती, आज काय झालं?"

हा लेख फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींपुरता आहे. माल कुरिअरने जातो आणि बरेचसे पैसे दारावर मिळतात, असा धंदा मी समोर धरला आहे. उदाहरण नागपूरच्या महाल भागातल्या एका घरगुती सावजी मसाल्याच्या व्यवसायाचं आहे. काकू मसाला बनवतात, त्यांचा भाचा पार्सलं आणि वेबसाइट सांभाळतो आणि जाहिरातींचं मी बघतो. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केले आहेत, चाल मात्र खरी आहे. सीपीए हा शब्द वारंवार येईल. त्याचा अर्थ एक नवी ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर झालेला खर्च.

## टप्पा 1: ऑर्डरमागे किती परवडतं ते आधी काढा

बजेटला हात लावण्याआधी एक आकडा कागदावर हवा. एका ऑर्डरसाठी जास्तीत जास्त किती रुपये दिले तर तोटा होणार नाही, हा तो आकडा. बहुतेक जण विक्रीच्या किमतीतून मालाचा खर्च वजा करतात आणि तिथेच थांबतात. परत आलेली पार्सलं त्या हिशेबात धरलेलीच नसतात.

काकूंचा जोडपॅक 599 रुपयांना जातो. कर वजा जाता हातात साधारण 570 येतात. माल आणि पॅकिंग 190, कुरिअर 75, पैसे गोळा करण्याचा आकार 25. म्हणजे पोहोचलेल्या ऑर्डरमागे 280 रुपये उरतात. परत आलेल्या पार्सलचे पैसे मिळत नाहीतच, वर जाण्या-येण्याचं भाडं आणि फाटलेलं पॅकिंग धरून 150 रुपये खिशातून जातात.

शंभर ऑर्डरमधल्या 20 परत येतात असं धरा. 80 ऑर्डरचे 22,400 रुपये मिळाले, 20 ऑर्डरचे 3,000 गेले, उरले 19,400. म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे 194 रुपये. ही आपली कमाल मर्यादा. शीटमध्ये परतीचं प्रमाण A2 मध्ये टाकून असं लिहा:

```
=(1-A2)*280-A2*150
```

आता A2 मध्ये 0.20 ऐवजी 0.28 टाकून बघा. मर्यादा 194 वरून थेट 160 वर येते. जाहिरातीच्या स्क्रीनवर सीपीए जिथल्या तिथे राहिला तरी धंदा तोट्यात जाऊ शकतो, तो असा. बजेट वाढलं की जाहिरात नव्या गावांतल्या, नव्या लोकांपर्यंत जाते आणि परतीचं प्रमाण तिथेच सरकतं. कुरिअरवाल्यांच्या भाषेत या परतीला आरटीओ म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकून काकूंना वाटलं होतं, भाच्याचं लायसन्स अडकलं.

तपासा: परतीचं प्रमाण अंदाजाने धरू नका. बारा-पंधरा दिवसांपूर्वीच्या ऑर्डर घ्या, म्हणजे त्या एकतर पोहोचल्या असतील किंवा परत आल्या असतील. कालच्या ऑर्डरवरून हे प्रमाण निघत नाही.

सावधान: अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये दिसणारा खर्च जीएसटी सोडून असतो. जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याचं इनपुट क्रेडिट तुम्ही घेत असाल तर ठीक, नाहीतर दिसणारा 150 चा सीपीए तुमच्यासाठी 177 आहे.

## टप्पा 2: जाहिरात खरंच जिंकली आहे का?

तीन दिवस चांगले गेले म्हणून जाहिरात जिंकत नाही. वाढवण्याआधी मी तीन गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट, ॲड सेट शिकून बाहेर आला आहे का. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची यंत्रणा नव्या ॲड सेटला काही दिवस चाचपडू देते. त्या काळात डिलिव्हरीच्या रकान्यात `Learning` दिसतं. त्यातून बाहेर पडायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण 50 खरेद्या लागतात. तेवढ्या येण्याची चिन्हं नसतील तर `Learning limited` दिसतं. काकूंच्या ॲड सेटला आठवड्यात 98 ऑर्डर येत होत्या, म्हणून तिथे प्रश्न नव्हता. तुमच्याकडे 20 ऑर्डर पाच ॲड सेटमध्ये वाटल्या गेल्या असतील तर आधी ते एकत्र करा, वाढीचं नंतर बघू.

दुसरी गोष्ट, स्क्रीनवरच्या खरेद्या आणि ऑर्डरच्या वहीतल्या खरेद्या जुळतात का. एकच खरेदी ब्राउझरकडून आणि सर्व्हरकडून, अशी दोनदा नोंदली जाते हा फार सामान्य घोटाळा आहे. दोन्हीकडून जाणाऱ्या नोंदीला एकच `event_id` नसेल तर मेटा त्या दोन खरेद्या धरते. मग सीपीए अर्धा दिसतो, माणूस खूश होऊन बजेट वाढवतो आणि महिन्याच्या शेवटी पैसे कुठे गेले ते कळत नाही. सात दिवसांचे दोन्ही आकडे शेजारी मांडा. थोडा फरक राहणारच, पण स्क्रीनवर वहीच्या दीड-दोनपट ऑर्डर दिसत असतील तर तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट, या ऑर्डर नव्या गिऱ्हाइकांच्या आहेत का. जुनी गिऱ्हाइकं जाहिरात दिसली नसती तरी मसाला संपल्यावर आलीच असती. त्यांना धरून काढलेला सीपीए स्वस्त दिसतो, पण बजेट दुप्पट केलं म्हणून जुनी गिऱ्हाइकं दुप्पट होत नाहीत. वहीत फोन नंबरवरून नवा-जुना वेगळा काढा आणि पुढचा सगळा हिशेब फक्त नव्यांचा करा. जुन्यांची पुन्हा होणारी खरेदी हा वरचा फायदा समजा. 194 च्या मर्यादेत ती मिसळू नका.

## टप्पा 3: माल आणि माणसं आधी वाढवा

हा टप्पा लोक गाळतातच. जाहिरात पन्नास टक्के वाढवली आणि कांडप तेवढंच राहिलं, तर पार्सल दुसऱ्या दिवशी निघण्याऐवजी पाचव्या दिवशी निघतं. दारावर पैसे देणाऱ्या माणसाचा उत्साह तोपर्यंत ओसरलेला असतो. तो पार्सल घेत नाही आणि परतीचं प्रमाण वाढतं. म्हणजे सीपीए इथे गोदामात बिघडतो आणि दोष मात्र जाहिरातीला मिळतो.

काकूंकडे रोज 22-23 जोडपॅक निघतील एवढीच मसाला भाजण्याची आणि कुटण्याची सोय होती. आम्ही पहिलं बजेट वाढवण्याआधी दहा दिवसांचा तयार साठा केला, कळमन्याच्या बाजारातून मिरची एकदम उचलली आणि पॅकिंगला एक मुलगी अर्धा दिवस ठेवली.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. सावजी मसाल्याचं गिऱ्हाईक मटण-चिकनवालं. श्रावण लागला की त्यातल्या बऱ्याच घरांत मांसाहार बंद होतो. श्रावणाच्या तोंडावर बजेट वाढवलं तर सीपीए चढणार, आणि तुम्ही समजणार की वाढवण्याची पद्धत चुकली. उलट थंडीत वाढवलं तर ऋतूच हात देतो आणि वाटतं की आपल्याला जमलं. तुमच्या मालाचा श्रावण कोणता, ते ठरवून त्याच्या आगेमागे पंधरा दिवस चाचणी टाळा.

## टप्पा 4: एका वेळी एकच बदल, आणि तो आठवडाभर सोडा

आता बजेट. एका पायरीला 20 ते 25 टक्के, आणि प्रत्येक पायरीवर पूर्ण सात दिवस. 20 टक्क्यांचा हा नियम मेटाने छापून दिलेला नाही, जाहिरात करणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. मेटा एवढंच सांगते की किरकोळ वाढीने ॲड सेट पुन्हा शिकायला लागत नाही, मोठ्या उडीने लागू शकतो. त्यामुळे 25 ऐवजी 28 टक्के झाले म्हणून काही बिघडत नाही. दोनशे टक्क्यांनी मात्र बिघडतं.

सात दिवस अशासाठी की आठवड्याचे सगळे वार सारखे नसतात. मटणाचा बेत रविवारी, त्यामुळे मसाल्याच्या ऑर्डरींची लाट ठरावीक वारी येते. सोमवार ते बुधवार बघून निर्णय घेतला तर तो वाराचा निर्णय होतो, बजेटचा नाही.

या आठवड्यात बाकी कशालाही हात लावायचा नाही. नवा व्हिडिओ त्याच ॲड सेटमध्ये टाकणं, वय किंवा गावं बदलणं, खरेदीऐवजी दुसरं उद्दिष्ट निवडणं, यातल्या प्रत्येक गोष्टीने शिकणं पहिल्यापासून सुरू होतं. ॲड सेट सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून पुन्हा चालू केला तरी तेच. शिवाय दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सीपीए कशामुळे हलला ते कळायची सोय राहत नाही.

या आठवड्यात दोन वेळा घाबरायला होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रोजचं बजेट म्हणजे रोजची कमाल मर्यादा नव्हे. मेटा एखाद्या दिवशी त्याच्यापेक्षा 75 टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकते, आठवड्याची बेरीज मात्र सातपटीच्या वर जात नाही. 2,500 च्या बजेटवर एका मंगळवारी 3,900 गेले तर ती चूक नाही. भाच्याने त्या दिवशी कॅम्पेन बंद करून मला फोन केला होता.

आणि शेवटचे दोन-तीन दिवस नेहमी महाग दिसतात. सोमवारी जाहिरातीवर क्लिक करणारा माणूस गुरुवारी खरेदी करतो, तेव्हा ती खरेदी सोमवारच्या नावावर जमा होते. नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतची खरेदी जाहिरातीच्या खात्यात धरली जाते. त्यामुळे आज दिसणारा कालचा सीपीए अर्धवट असतो. आठवडा संपला की लगेच हिशेब न करता तीन दिवसांनी त्या आठवड्याचे आकडे उतरवा.

तपासा: बजेट बदलल्याची तारीख आणि वेळ शीटमध्ये लिहिली आहे ना? मी बदल रात्री बारानंतर लागू होईल असा करतो. दुपारी तीनला बजेट वाढवलं तर उरलेल्या दिवसात जास्तीचे पैसे घाईने खर्च होतात आणि त्या दिवसाचे आकडे कशाशीच जुळत नाहीत.

## टप्पा 5: सरासरी बाजूला ठेवा, वाढीव ऑर्डरचा भाव काढा

सगळा लेख या टप्प्यासाठी लिहिला आहे.

स्क्रीनवर दिसणारा सीपीए हा सगळ्या ऑर्डरींचा सरासरी भाव असतो. बजेट वाढवताना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे जे जास्तीचे पैसे घातले, त्यातून आलेली जास्तीची ऑर्डर कितीला पडली? सुरुवातीच्या स्वस्त ऑर्डरी सरासरीला खाली धरून ठेवतात आणि नंतरच्या महाग ऑर्डरी त्यांच्या आडोशाला लपतात. शीटमध्ये B रकान्यात आठवड्याचा खर्च, C रकान्यात आठवड्याच्या नव्या ऑर्डर, आणि D3 मध्ये हे सूत्र:

```
=(B3-B2)/(C3-C2)
```

काकूंचे आठवडे असे गेले.

सुरुवातीला रोज 2,000, म्हणजे आठवड्याला 14,000 रुपये. ऑर्डर 98, सीपीए 143.

रोज 2,500 केल्यावर आठवड्याचे 17,500 गेले आणि 119 ऑर्डर आल्या. सरासरी 147. वाढीव 3,500 रुपयांत 21 ऑर्डर, म्हणजे वाढीव ऑर्डर 167 ला पडली. 194 च्या आत आहे, पुढे जा.

रोज 3,000 वर आठवड्याचे 21,000 गेले, 138 ऑर्डर. सरासरी 152, वाढीव ऑर्डर 184 ला. अजून आत आहे, पण काठाशी आलं.

रोज 3,600 वर आठवड्याचे 25,200 गेले, 157 ऑर्डर. सरासरी 161. भाचा खूश, कारण 161 हे 194 पेक्षा बरंच कमी. पण वाढीव 4,200 रुपयांत ऑर्डर आल्या 19, म्हणजे एक ऑर्डर 221 ला. त्या प्रत्येक ऑर्डरवर 27 रुपये तोटा.

पटत नसेल तर उरलेल्या पैशांकडे बघा. ऑर्डरमागे 194 धरून त्यातून जाहिरातीचा खर्च वजा केला तर चार पायऱ्यांवर आठवड्याला अनुक्रमे 5,012, 5,586, 5,772 आणि 5,258 रुपये उरतात. शेवटच्या पायरीला विक्री सगळ्यात जास्त आणि हातात मात्र आधीच्या पायरीपेक्षा 514 रुपये कमी. एवढं करून पॅकिंगचं काम वाढलं ते वेगळंच.

सावधान: एका आठवड्याच्या आकड्यावर एकदम घाव घालू नका. आठवड्याला शंभरेक ऑर्डर येत असतील तर काहीही न बदलतासुद्धा त्या दहाएकने इकडेतिकडे होतात. हा वर्गमुळाचा ठोकताळा आहे: शंभराला दहा, चारशेला वीस. वाढीव ऑर्डरी 19 असताना दहाचा हेलकावा म्हणजे निम्मा फरक. म्हणून वाढीव भाव मर्यादा ओलांडतो त्या पायरीवर आणखी एक आठवडा थांबा. आम्ही 3,600 वर दुसरा आठवडा काढला, 156 ऑर्डर आल्या. तेव्हा कुठे मी मानलं की हा योगायोग नाही. त्याचीही किंमत सातएकशे रुपये गेली, पण 3,000 आणि 3,600 मधला फरक नक्की माहीत असणं मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं.

मागे येतानाही पायरीनेच या. आम्ही 3,600 वरून 3,000 वर आलो, ती साधारण 17 टक्क्यांची घट होती. एकदम 2,000 वर येण्याची गरज नव्हती.

## टप्पा 6: भाव का चढला ते ओळखा

भाव चढण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही. मी सीपीएच्या शेजारी आणखी तीन आकडे उतरवतो: हजार वेळा जाहिरात दाखवण्याचा खर्च म्हणजे `CPM`, क्लिकचं प्रमाण म्हणजे `CTR`, आणि एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली ते सांगणारा `Frequency`.

`CPM` चढला आणि बाकी सगळं तसंच असेल, तर बाजारात जागेसाठी झुंबड आहे. दिवाळीच्या आधी हमखास असं होतं, तेव्हा थांबणं बरं. `Frequency` वाढत आहे आणि `CTR` पडत आहे, तर त्याच लोकांना तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा दिसतो आहे. `CTR` ठीक, क्लिक येतात, पण ऑर्डर येत नाहीत, तर आधी वेबसाइट मोबाइलवर उघडून स्वतः एक ऑर्डर टाकून बघा. एकदा आमच्याकडे एका पॅकचा साठा शून्य दाखवत होता आणि दोन दिवस आम्ही जाहिरातीला शिव्या देत होतो.

काकूंच्या बाबतीत यातलं दुसरं कारण थोडं आणि आणखी एक कारण जास्त होतं, जे या तीन आकड्यांत सरळ दिसत नाही. यंत्रणा स्वस्तात घेणारा माणूस आधी शोधते. काकूंचा व्हिडिओ मसाला कुटण्याचा, मागे वऱ्हाडी बोलणं. तो पाहून लगेच विकत घेणारा माणूस कोण? पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला नागपूरकर. त्याला सावजी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. असे लोक 2,000-2,500 च्या बजेटमध्ये भराभर सापडले. त्याच्यापुढचा रुपया ज्याला सावजी माहीतच नाही अशा माणसासमोर जातो, आणि त्याला त्या व्हिडिओत फक्त एक बाई काहीतरी कुटताना दिसते.

इथे लोक एक चूक करतात. अहवालात गावं आणि वयोगट वेगळे काढून महाग दिसणारा गट बंद करतात. सरासरी महाग दिसणाऱ्या गटात यंत्रणा पैसे घालत असते, कारण स्वस्त दिसणाऱ्या गटातली पुढची ऑर्डर तिच्या अंदाजाने आणखी महाग पडणार असते. पाचव्या टप्प्यातली सरासरी-वाढीवची गोष्टच ही. गट कापला की पैसे आधीच पिळून झालेल्या गटात जातात आणि सीपीए चढतो. गट कापायचाच तर परतीच्या प्रमाणावरून कापा, कारण पार्सल परत आलं हे मेटाला तुम्ही कळवल्याशिवाय कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे तीच जाहिरात, तेच प्रेक्षक, चार प्रती. चार प्रतींनी चौपट बाजार मिळत नाही. एकाच माणसासाठी तुमच्या दोन जाहिराती पात्र ठरल्या तर मेटा त्यातली एकच जाहिरातीच्या जागेच्या लिलावात पाठवते. खरेद्या चार ठिकाणी विभागल्या जातात आणि एकही प्रत आठवड्याला 50 गाठत नाही.

## टप्पा 7: नव्या माणसासाठी नवा व्हिडिओ, वेगळ्या कॅम्पेनमध्ये

जुनं कॅम्पेन 3,000 वर जसंच्या तसं ठेवा. त्याला आता हात लावायचा नाही. पुढची वाढ वेगळ्या माणसाला समजेल अशा नव्या व्हिडिओतून काढायची. तोच व्हिडिओ नव्या संगीतावर, याला मी नवा व्हिडिओ म्हणत नाही.

आम्ही दोन बनवले. एकात सावजी म्हणजे काय ते न सांगता थेट करून दाखवलं: किती तेल, किती मसाला, किती मिनिटं परतायचं, तिखट कमी हवं असेल तर काय करायचं. दुसरा पाटोडी रश्शाचा, शाकाहारी घरांसाठी. त्याने श्रावणाचा प्रश्नही थोडा सुटेल असं वाटलं.

वेगळं कॅम्पेन दोन कारणांसाठी. जुन्या ॲड सेटमध्ये नवा व्हिडिओ टाकला तर शिकणं पहिल्यापासून सुरू होतं, आणि जुन्या व्हिडिओकडे खरेद्यांचा इतिहास असल्यामुळे पैसे बहुधा त्यालाच जातात. नव्याला संधीच मिळत नाही. चाचणीला रोजचे 500 रुपये दिले. एवढ्या बजेटवर `Learning limited` दिसणार हे गृहीत धरलं होतं, आणि म्हणून निकालासाठी दोन आठवडे दिले.

दोन आठवड्यांत 7,000 रुपये गेले आणि 41 ऑर्डर आल्या, बहुतेक पहिल्या व्हिडिओतून. पाटोडीचा फारसा चालला नाही. काकूंचं म्हणणं, तो श्रावणातच लावायला हवा होता, आणि मला ते पटतं. ऑर्डर पडली साधारण 171 ला.

तपासा: नव्या कॅम्पेनच्या ऑर्डर जुन्याच्या तोंडच्या तर नाहीत? त्या दोन आठवड्यांत जुन्या कॅम्पेनच्या ऑर्डर 138 च्या आसपासच राहिल्या का ते बघा. आमच्या 137 आणि 135 होत्या, म्हणजे फारशी पळवापळवी नव्हती. त्या वीसने उतरल्या असत्या तर 171 हा आकडा खोटा ठरला असता.

## टप्पा 8: नवी मर्यादा काढल्याशिवाय नवं बजेट वाढवू नका

171 हे 194 च्या आत आहे, म्हणून भाचा लगेच 1,000 करायला निघाला होता. त्याला बारा दिवस थांबवलं, कारण 194 ही मर्यादा जुन्या कॅम्पेनच्या गिऱ्हाइकांच्या परतीवर बेतलेली होती.

सावजी पहिल्यांदाच मागवणारा माणूस हौसेने मागवतो आणि दारावर विचार बदलतो. त्या 41 मधल्या 10 परत आल्या, म्हणजे साधारण 24 टक्के. सूत्रात 0.24 टाकलं की मर्यादा 177 होते. फायदा ऑर्डरमागे जेमतेम सहा रुपये, आणि 41 ऑर्डरवरून काढलेल्या आकड्यात सहा रुपयांना काही अर्थ नाही.

त्यामुळे या कॅम्पेनचं बजेट 500 च राहिलं. त्याऐवजी परतीवर काम सुरू केलं. दारावर पैसे देणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पार्सल निघण्याआधी व्हॉट्सॲपवर पत्ता पक्का करायचा. उत्तर नाही आलं तर भाचा एकदा फोन करतो, तरी नाही लागला तर पार्सल त्या दिवशी जात नाही. आधी पैसे भरणाऱ्याला 30 रुपये सूट. ती सूट मर्यादेच्या हिशेबात धरायला विसरू नका: आधी पैसे भरलेल्या पोहोचलेल्या ऑर्डरमागे 280 ऐवजी 250 उरतात. पैसे गोळा करण्याचा आकार वाचला तर त्यातले काही परत येतात.

परत 24 वरून 18 टक्क्यांवर आली तर 280 च्या हिशेबाने मर्यादा 203 होते. तेव्हा 500 चे 600 करू, आणि पाचव्या टप्प्यातलं सूत्र या कॅम्पेनसाठी वेगळ्या ओळीत सुरू होईल. भाच्याने शीटमध्ये ती ओळ आत्ताच आखून ठेवली आहे.